मालकाची मिळकत आणि धंद्याचा नफा: ऑनलाइन दुकान विकताना कुठला आकडा धरायचा?

कोल्हापुरी चपलांचं एक ऑनलाइन दुकान आहे असं धरू. नवरा-बायको मिळून चालवतात, माल घरामागच्या खोलीत, वेबसाइट स्वतःची. जीएसटी आणि परत आलेला माल वजा जाता वर्षाची विक्री ६० लाख. खरेदी, कुरिअर, पॅकिंग, जाहिराती आणि एका पोऱ्याचा पगार धरून ५०.८ लाख खर्च होतात, ९.२ लाख उरतात. मालक म्हणतो, "नऊ लाखांचा नफा आहे." घोळ इथेच सुरू होतो.

एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाला पगार नसतो. तो घरखर्चाला जे काढतो ती उचल, ती खर्चात धरत नाहीत. म्हणजे या ९.२ लाखांत त्याच्या मेहनतीचा मोबदला आणि धंद्याचा नफा एकाच पिशवीत पडलेत. हेच दुकान प्रायव्हेट लिमिटेड असतं, तर संचालकाचा पगार आधीच वजा झाला असता आणि नफा बराच लहान दिसला असता. दुकान मात्र तेच.

आता दोन्ही आकडे वेगळे काढू. मालकाची मिळकत काढताना, नव्या मालकावर पडणार नाहीत असे खर्च परत मिळवायचे. इथे एकदाच केलेलं फोटोशूट ६० हजारांचं आणि धंद्यात घातलेलं घरचं पेट्रोल २० हजारांचं. झाले १० लाख. विकणारा याच आकड्यावर बोट ठेवतो.

घेणाऱ्याने उलट बाजूने मोजायचं. बायको दिवसभर व्हॉट्सॲपवर मापं विचारून ऑर्डर घेते, तिचा पगार कुठेच नाही. त्या कामाला माणूस ठेवला तर महिना १२ हजार. खोलीचं भाडं नाही. बाहेर ६ हजार पडेल. वर्षाचे हे २.१६ लाख गेले की ७.८४ लाख राहतात. स्वतः दुकानात बसणाऱ्यासाठी हीच खरी मिळकत. नोकरी सांभाळून दुकान घेणाऱ्याला मॅनेजरही लागेल. महिना २५ हजार धरले तर आणखी ३ लाख गेले. उरला धंद्याचा नफा: ४.८४ लाख.

अशा छोट्या दुकानांना मालकाच्या वार्षिक मिळकतीच्या साधारण दोन-तीन पट किंमत मागतात. अडीच पट धरली तर १० लाखांवर २५ लाख होतात, ७.८४ लाखांवर १९.६ लाख. ५.४ लाखांचा हा फरक फुकट राबलेल्या बायकोचा आणि फुकट वापरलेल्या खोलीचा! (कुणी "तीस पट" म्हणालं तर दचकू नका, ते महिन्याच्या मिळकतीवर बोलत असतात. तीस महिने म्हणजे अडीच वर्षंच.) मॅनेजरचा पगार वजा केलेल्या नफ्यावर पट थोडा जास्त लावणं रास्त आहे, कारण ते पैसे न राबता मिळतात. मोठा पट मोठ्या आकड्यावर लावून घ्यायचा, ही मात्र विकणाऱ्याची जुनी खोड. विकाऊ स्टॉकची किंमत खरेदीच्या दराने वेगळी ठरते; जुन्या मापांचे पडून राहिलेले जोड त्यातून काढायचे.

हे आकडे कागदांवर पटवावे लागतात. नुसत्या आयकर विवरणपत्रावर भागत नाही. अंदाजी पद्धतीने कर भरणारे अनेक जण डिजिटल विक्रीवर किमान ६ टक्केच नफा दाखवतात, म्हणजे ६० लाखांवर ३.६ लाख. तोंडाने १० लाख सांगणाऱ्याला घेणारा मग विचारणारच, की खरं कुठलं? म्हणून दोन वर्षांची GSTR-3B ही जीएसटीची महिनावार विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, पेमेंट गेटवेचे सेटलमेंट आणि कुरिअरने जमा केलेले कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे समोरासमोर ठेवायचे. गेटवेचे पैसे कमिशन कापून आणि जीएसटी धरून येतात, त्यामुळे आकडे थेट जुळत नाहीत. फरक कशाचा, ते लिहून द्यावं. पार्सल निघालं की विक्री धरली आणि परत आल्यावर वजाच केली नाही, तर विक्री फुगते. ते इथे उघडं पडतं.

ताबा देताना पुन्हा हाच प्रश्न येतो: मालकाचं काय आणि धंद्याचं काय? जीएसटी नंबर मालकाच्या पॅनला बांधलेला असतो, गेटवेचं खातं त्याच्या केवायसीला. हे दोन्ही घेणाऱ्याने आपल्या नावाने नवे काढायचे. डोमेन, वेबसाइटचं मालक-खातं आणि ग्राहकांची यादी हस्तांतरित होतात. ट्रेडमार्क नोंदवलेला असेल तर त्याचं हस्तांतरण लेखी करून नोंदवावं लागतं. कारागिरांशी ठरलेले दर आणि उधारीची मुदत बहुधा तोंडी असते, म्हणून त्यांच्याकडे विकणाऱ्याने स्वतः सोबत जावं. किमतीचा पाचवा हिस्सा तीन महिने राखून ठेवायचं ठरलं, तर तो या भेटी होऊन पहिली ऑर्डर त्याच दराने आली की सोडावा.

आणि तो व्हॉट्सॲप नंबर! जुनी गिऱ्हाइकं त्यावरच मापं पाठवतात, आणि तो बायकोचा घरचा नंबर आहे, बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. तो कुणी देणार नाही. विक्रीची बोलणी सुरू होण्याआधी सहा महिने दुकानासाठी वेगळं सिम घेऊन गिऱ्हाइकांना तिकडे वळवलं असतं, तर तोही सौद्यात देता आला असता.