टपोरी भाषा

मुंबईच्या नाक्यांवर, चाळींत आणि झोपडपट्ट्यांत फुटकळ दादागिरी करणाऱ्या तरुणांच्या तोंडी रुळलेली मराठी-हिंदी मिश्र बोली. बंबइया हिंदीचा हा एक रांगडा थर. ‘राडा’, ‘वांदा’, ‘लोचा’, ‘कल्टी’ हे तिचे शब्द सर्वपरिचित आहेत.

‘टपोरी’ या नावाचे मूळ वादग्रस्त आहे. टपरीवर रेंगाळणारा तो टपोरी, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी मधल्या ‘ओ’काराचा उलगडा तिने होत नाही. दुसरे मत ‘टपोरा’ (भरदार, ठसठशीत) या विशेषणाकडे बोट दाखवते. पण ते लिंगानुसार बदलते : टपोरा दाणा, टपोरी कळी. माणसाला मात्र पुल्लिंगातही ‘टपोरी पोरगा’च म्हणतात. तरीही ध्वनिसाम्य पाहता हे दुसरे मत अधिक संभवनीय वाटते.

बोलीची खरी खूण ‘अपुन’ या सर्वनामात आहे. दख्खनीतही ‘अपन’ असल्याने ते निव्वळ मराठी ‘आपण’वरून आले असे म्हणता येत नाही. मात्र ‘आपण नाय घाबरत कुणाला’ असे एकट्याने स्वतःविषयी म्हणण्याची मराठी ढब ‘अपुन’मध्ये जशीच्या तशी उतरली आहे. त्याचे क्रियापद तृतीयपुरुषी चालते : ‘अपुन जाता है’, ‘अपुन नहीं जाएगा’. बोलणारा स्वतःविषयी तिऱ्हाइतासारखा बोलतो, त्यातूनच रुबाब येतो. नवखा माणूस शाळेतल्या हिंदीच्या सवयीने ‘अपुन जाता हूँ’ म्हणतो आणि तिथेच उघडा पडतो.

‘भिडू’ हा मराठी खेळातला शब्द. पत्त्यांत किंवा कबड्डीत आपल्या बाजूचा गडी तो भिडू. नाक्यावर ‘ह’कार गळून त्याचा ‘बिडू’ होतो, पण आपल्या बाजूचा हा अर्थ टिकतो. भांडण पेटताना कोणी ‘ए बिडू, खाली-पीली राडा कायको? मांडवली कर ना’ म्हटले, की तो समोरच्याला आपल्यात धरतो आणि तंटा परस्पर मिटवायला सांगतो. हेच प्रमाण हिंदीत म्हटले तर ते परक्याचे बोलणे ठरते. मग ‘तू कौन?’ हा प्रश्न आलाच.

गिरणगावात १९८२च्या संपानंतर ही भाषा फोफावली असे सांगितले जाते. मिश्र बोली मात्र त्याआधीची असावी, कारण गिरण्या व गोदीत अनेक भाषांचे कामगार एकत्र राबत होते. तोच पोरगा घरी आईशी मराठीत आणि नोकरीच्या मुलाखतीत जपून प्रमाण भाषेत बोलतो. तिथे एखादा ‘अपुन’ निसटला तर त्याची वस्ती ओळखली जाते. सुखवस्तू घरातल्या कॉलेजकुमाराने तोच शब्द वापरला तर ती गंमत समजली जाते. पुणे-नागपूरकडील मिश्र बोलींत काही शब्द समान आहेत. स्त्रियांच्या वापराची नोंद तुरळक आढळते.