वाटा वेगळा, वजन वेगळं: खिचडी वाढवली की मॅक्रो नेमके कुठे हुकतात

चौघांची पाककृती दहा जणांसाठी करायची तर सगळं अडीचपट घ्यायचं, हे कुणाला शिकवायची गरज नाही. तांदूळ २०० ग्रॅमचे ५०० होतात, डाळ १०० ची २५०, तूप २० चं ५०. कॅलरी मोजायच्या ॲपमध्येही सर्व्हिंगच्या रकान्यात ४ च्या जागी १० लिहायचं. (फक्त जिन्नस अडीचपट करून सर्व्हिंग ४ च ठेवणारे, आणि जिन्नस तसेच ठेवून सर्व्हिंग १० करणारे, दोघांनीही एकदा तो रकाना नीट वाचावा. त्यापलीकडे त्यांच्यासाठी सांगण्यासारखं काही नाही.)

घोळ होतो तो याच्या पुढे. मॅक्रो म्हणजे प्रथिनं, स्निग्ध आणि कर्बोदकं; लोक एका वाट्याचे मॅक्रो आणि शंभर ग्रॅमचे मॅक्रो एकच समजतात. वाटा म्हणजे पातेल्यात जे काही आहे त्याचा दहावा हिस्सा. शंभर ग्रॅमचा आकडा म्हणजे त्या दिवशी त्या पातेल्यात किती पाणी उरलं याचा हिशेब. पाककृती जशीच्या तशी असेपर्यंत दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून फरक कळत नाही. प्रमाण वाढवलं किंवा कमी केलं की दोघांची वाट वेगळी होते आणि आपण चुकीच्या वाटेने जातो.

मुगाच्या डाळीच्या खिचडीवरच बघू, कारण तिच्यात लपवायला फारसं काही नाही. चौघांसाठी तांदूळ २०० ग्रॅम, मूगडाळ १०० ग्रॅम, तूप २० ग्रॅम. हळद, हिंग, जिरं, मीठ यांचे मॅक्रो मांडत बसू नका, त्यांनी आकडा हलत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे कच्च्या तांदळात शंभर ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं आणि ३५६ कॅलरी असतात. मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि ३२६ कॅलरी. तुपाच्या ग्रॅमला ९ कॅलरी धरा. बेरीज केली की अख्ख्या पातेल्यात साधारण १२१८ कॅलरी, ४० ग्रॅम प्रथिनं, २२ ग्रॅम स्निग्ध आणि २०९ ग्रॅम कर्बोदकं येतात. चार वाटे केले तर वाट्याला ३०५ कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं, साडेपाच ग्रॅमच्या वर थोडं स्निग्ध आणि ५२ ग्रॅम कर्बोदकं.

आता यात पाणी १२०० मिली घातलं. शिजताना थोडी वाफ गेली आणि तयार खिचडी भरली १४०० ग्रॅम. म्हणजे एक वाटा ३५० ग्रॅमचा. इथे बहुतेक जण वहीत लिहून ठेवतात: ‘खिचडी, ३५० ग्रॅम, ३०५ कॅलरी’. पुढचा सगळा गोंधळ या एका ओळीतून निघतो, कारण ३५० हा आकडा पाककृतीचा नाही, त्या दिवशीच्या पाण्याचा आहे.

दहा जणांची खिचडी करताना पाणी सरळ अडीचपट, म्हणजे तीन लिटर घातलं तर ती पातळ होते. वाफ किती जाते हे पातेल्याचं तोंड किती रुंद आहे, झाकण किती वेळ होतं आणि आच कशी होती यावर ठरतं, धान्य किती आहे यावर नाही. अडीचपट खिचडीतून अडीचपट पाणी उडून जात नाही. हे माहीत असलेला हात पाणी कमी घालतो, आणि कधीकधी जरा जास्तच कमी घालतो. समजा अडीच लिटर घातलं, त्यातलं दोनशे ग्रॅम वाफ होऊन गेलं आणि खिचडी थोडी घट्ट होऊन ३१०० ग्रॅम भरली. जिन्नस मात्र बरोबर अडीचपट आहेत. पातेल्यात ३०४५ कॅलरी आहेत, दहा वाट्यांना भागलं की वाट्याला तेच ३०५. इथपर्यंत काहीही बिघडलेलं नाही.

बिघडतं कधी, तर वाढणारा वहीतला ३५० चा आकडा बघून ताटात वजन करतो तेव्हा. ३१०० ग्रॅमच्या पातेल्यातून ३५० ग्रॅम काढले की त्यात ३४४ कॅलरी, अकराच्या वर प्रथिनं आणि ५९ ग्रॅम कर्बोदकं जातात. त्याच्या वहीत मात्र ३०५ च लिहिलेले असतात. ही चूक वहीत दिसत नाही, पंगतीत दिसते. आठ जणांना पुरे ३५० ग्रॅम मिळतात, नवव्याला ३०० आणि दहाव्याच्या पानावर डाव रिकामा येतो. दहा जणांची खिचडी दहा जणांना पुरली नाही की कुणीतरी म्हणतंच, ‘अंदाज चुकला.’ तांदळाचा अंदाज चुकलेला नव्हता. वाटा घट्ट खिचडीचा आणि माप पातळ खिचडीचं, एवढंच झालं होतं.

उलटंही होतं. पाणी तीन लिटरच घातलं आणि खिचडी ३६०० ग्रॅम भरली, तर ३५० ग्रॅममध्ये ३०५ ऐवजी २९६ च्या आसपास कॅलरी येतात आणि शेवटी शंभर ग्रॅम उरते. ती पातेलं खरवडणाऱ्याच्या पोटात जाते, हिशेबात नाही.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करा आणि पातेल्याच्या बुडाशी नाही, वहीत लिहा; बुडाशी लिहिलेलं दुसऱ्या घासणीला जातं. शिजल्यावर भरलेलं पातेलं तोला. रिकामं १२५०, भरलेलं ४३५०, म्हणजे खिचडी ३१००. वाटे दहा हवेत, तर एक वाटा ३१० ग्रॅम. त्या वाट्याचे मॅक्रो तेच, जे चौघांच्या ३५० ग्रॅमचे होते. घरातले बरेच काटे पाच किलोपर्यंतच तोलतात, तेव्हा मोठं पातेलं असेल तर आधी थोडी खिचडी डब्यात काढून दोनदा तोला. काट्यावर थेट गरम बूड टेकवू नका, मध्ये पोळपाट किंवा जाड फळी ठेवा आणि तिचं वजन शून्य करून घ्या.

शंभर ग्रॅमचा आकडा ॲपला हवाच असेल तर तोही काढता येतो. इथे तो ९८ कॅलरी येतो, चौघांच्या वेळी ८७ होता. तो फक्त त्या पातेल्यापुरता, त्या जेवणापुरता खरा. ‘खिचडी, शंभर ग्रॅम’ अशी कुणी तरी भरलेली नोंद ॲपमधून उचलणाऱ्यांना मी फक्त एक विचारतो: त्या माणसाने पाणी किती घातलं होतं? पांढऱ्या मोकळ्या भाताच्या नोंदीत शंभर ग्रॅमला १३० कॅलरी धरलेल्या असतात. तो भात आणि आपली सैल खिचडी यांत फरक आहे तो मुख्यतः पाण्याचाच.

म्हणून माझा हट्ट असा, की वहीत कच्चं वजन आणि वाट्यांची संख्या लिहावी, शिजलेलं वजन फक्त वाढताना वापरावं. ‘एक वाटी खिचडी’ हे माप तर मला मुळीच चालत नाही. वाटी भरून दाबून घेतलेली घट्ट खिचडी आणि डावाने ओतलेली पातळ खिचडी या दोन वाट्यांत किती अंतर पडतं, ते काट्यावर ठेवून बघितलं की वाटी मापाच्या यादीतून आपोआप निघते.

दुसरी जागा तुपाची. ती पाण्यापेक्षा छोटी असली तरी फसवणारी आहे, कारण पाणी कमीजास्त झालं तर वाट्यातले मॅक्रो बदलत नाहीत, तूप कमीजास्त झालं तर बदलतात. फोडणी कुणी अडीचपट करत नाही. पन्नास ग्रॅम तूप पळीत दिसलं की हात आखडतो आणि तीसवर थांबतो. चवीला काही कमी पडत नाही, पण वाट्याचं स्निग्ध साडेपाचवरून साडेतीनवर येतं आणि १८ कॅलरी कमी होतात. चालेल, फक्त नोंदीत ५० ऐवजी ३० लिहा.

खरी गंमत प्रमाण कमी करताना येते. एकट्यासाठी करायची तर तांदूळ ५० ग्रॅम, डाळ २५ ग्रॅम आणि तूप ५ ग्रॅम. पाच ग्रॅम तुपात कढईचं बूडही ओलं होत नाही, जिरं करपतं, म्हणून आपण नकळत दहा ग्रॅम घालतो. वाट्याचं स्निग्ध साडेपाचवरून साडेदहाच्या वर जातं आणि ३०५ ची खिचडी ३५० ची होते. धान्याचा हिशेब अचूक ठेवून एका चमच्यात पंचेचाळीस कॅलरी वाढतात. एकट्याची फोडणी छोट्या फोडणीच्या पळीतच करावी, आणि ती पळी खिचडीत बुडवून काढावी, नाहीतर घातलेलं तूप पळीलाच राहतं. तुपाची बरणी काट्यावर ठेवून चमचा काढला की किती कमी झालं ते दिसतं; सपाट चमचा आणि डोंगर केलेला चमचा यांचा वाद त्याने मिटतो. ताटात वरून घेतलेलं तूप पातेल्याच्या हिशेबात कधीच धरू नका, ते ज्याचं त्याने स्वतःच्या नावावर लिहावं.

अंड्याच्या पाककृती अर्ध्या करताना दीड अंडं आलं तर लोक घाबरतात. दोन अंडी फेटा, वजन करा, पाऊण हिस्सा घ्या. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

वजनाने वाटे करायची ही पद्धत कुठे चालत नाही, ते मात्र सांगायलाच हवं. खिचडी ढवळली की सगळीकडे सारखी असते, त्यामुळे कुठलेही ३१० ग्रॅम हे इतर कुठल्याही ३१० ग्रॅमसारखेच असतात. चिकनच्या रश्श्यात तसं नाही. रस्सा अडीचपट केला आणि एकूण वजनाला दहाने भागून वाढलं, तर एकाच्या वाटीत चार फोडी आणि दुसऱ्याच्या वाटीत नुसता तवंग येतो. दोघांचं वजन सारखं, प्रथिनं मात्र कुठल्या कुठे. अशा वेळी फोडी गाळून वेगळ्या तोलायच्या, दहा वाट्यांत आधी त्याच वाटायच्या आणि मग रस्सा. हाडाचं वजन त्यात धरू नका, कच्च्या चिकनचं माप बोनलेसचं असेल तर शिजवतानाही बोनलेसच घ्या. उसळीत मटकी खाली बसते, तिथे प्रत्येक डावाआधी तळापासून ढवळलं तरी पुरतं.

उरलेली खिचडी दुसऱ्या दिवशी घट्ट होते, डब्यात भरताना ३१० ग्रॅमचा वाटा २९० भरतो. तरी तो एक वाटाच. गरम करताना अर्धी वाटी पाणी घातलं आणि तो ३६० झाला, तरीही एकच वाटा.