रिमवरची ती बारीक खाच आली कुठून

सायकलीच्या अनेक ॲल्युमिनियम रिमवर, ब्रेकचं रबर घासतं त्या पट्टीत, झीज कळावी म्हणून एक बारीक खाच असते. डबेवाल्यांच्या काळ्या सायकलीला अशी खाच नसते, आणि तिला तिची गरजही नाही. त्या सायकलीची रिम लोखंडी असते आणि ब्रेक ओढला जातो दांड्यांनी. घोड्याच्या नालेसारखा एक तुकडा वर उचलला जातो आणि त्याची दोन रबरं रिमच्या आतल्या, म्हणजे हबकडच्या, बाजूवर दाबली जातात. टायर धरून ठेवणाऱ्या बाजूच्या भिंतींना रबर लागतच नाही. पावसात हा ब्रेक जवळजवळ निरुपयोगी होतो हे खरं, पण तशी रिम ब्रेकने झिजून फुटली असं सहसा ऐकू येत नाही.

पुढे ब्रेक वायरचा झाला, रबर रिमच्या दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखं दाबायला लागलं आणि लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम आलं. वजन घटलं, ओल्या रस्त्यावरही सायकल थांबू लागली. मात्र आता एकाच भिंतीला दोन कामं आली: टायर धरायचा आणि ब्रेकखाली घासलंही जायचं. 1996 च्या सुमारास आलेल्या शिमानोच्या व्ही-ब्रेकने दाब आणखी वाढवला. त्याच सायकली चिखलात जायच्या, त्यामुळे भिंती पटापट पातळ होऊ लागल्या. खाच हा त्यावरचा उपाय. रिम बनवतानाच ब्रेकच्या पट्टीत एक उथळ रेघ कोरायची. रेघ पुसली गेली की रिम संपली. काही रिमना रेघेऐवजी छोटे खळगे असतात. काहींत उलटा प्रकार असतो: आत दडलेलं भोक झीज झाल्यावर बाहेर दिसायला लागतं. ब्रेकखाली झिजणाऱ्या रिमवर धोक्याची टिकाऊ खूण हवी, अशी अट 2005 च्या युरोपीय सायकल मानकांत आली.

मुंबईत हा विषय जूननंतर ऐरणीवर येतो. खोदलेल्या रस्त्यांची कच आणि सिमेंटची भुकटी पाण्यासोबत रिमला चिकटते, ब्रेक रबरात रुतते आणि रबराची कानस होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीहून पावसात उतरताना ब्रेकमधून खरखर ऐकू येते, ती हीच. रबर काढून बघा: त्यात ॲल्युमिनियमचे चकचकीत कण सापडतील. ते टाचणीने उपटून काढावेत.

खाच बघण्याआधी ती कोरून साफ करा, कारण काळ्या भुकटीने भरलेली खाच पुसल्यासारखी दिसते. उलटी फसगत जास्त महागात पडते. रबर वाकडं बसलेलं असेल तर झीज खाचेच्या वर किंवा खाली होते आणि खाच तशीच शाबूत राहते. म्हणून लोखंडी पट्टी त्रिज्येच्या दिशेने ब्रेकच्या पट्टीवर आडवी धरून बघावी. मधून उजेड दिसला तर भिंत खोलगट झाली आहे.

खरा आकडा टायर काढूनच मिळतो. भिंतीच्या वरच्या टोकाला आत वळलेली जाड कड असते, त्यामुळे नुसता व्हर्नियर लावला तर त्या कडेचंच माप येतं. 14 गेजच्या स्पोकचे दोन तुकडे घ्या. त्यांची जाडी 2 मिमी असते. एक आतून कडेच्या खाली, दुसरा बाहेरून त्याच्यासमोर खोलगट भागात ठेवा आणि दोन्हींवरून माप घ्या. समजा, माप 4.9 आलं. त्यातून 4 वजा केले की भिंत 0.9 मिमी. नवी असताना ती साधारण दीड मिमी असते. हवेच्या दाबाने भिंत बाहेर वाकू बघते आणि तो ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो: 1.5 भागिले 0.9, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. कंपनीने मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर 1 मिमीच्या खाली गेलेली रिम वापरू नये. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून चारपाच ठिकाणी माप घ्या आणि सर्वांत कमी आलेलं धरा.

ब्रेक दाबल्यावर दर फेरीला एकाच जागी झटका बसत असेल तर तिथे भिंत बाहेर फाकली असण्याची शक्यता आहे. रिमचा जोड किंवा जुना ठोकाही असा झटका देतो, पण काल नसलेला झटका आज आला तर सायकल हातात धरूनच घरी न्यावी. भिंतीवर परिघाच्या दिशेने केसासारखी चीर दिसली तर मोजत बसू नका, आधी हवा सोडा. अशी भिंत पट्टीसारखी सोलून निघते, ट्यूब फुटते आणि निघालेला पत्रा ब्रेकमध्ये अडकून चाक जाम होतं. पुढच्या चाकाचं असं झालं तर सायकलस्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. भिंत फुटणं पुष्कळदा पंप मारतानाच होतं, कारण दाब तेव्हाच सर्वाधिक असतो, बोटं जपा.

नवी रिम घालताना हब जुना चालतो. स्पोक मात्र नव्या रिमचा आतला व्यास तोच असेल तरच पुरतात. ब्रेक रबर नवीनच घ्यावं. जुन्यातली कच पहिल्या उतारावरच नव्या रिमवर चरे पाडते.