बोअर लॉग (वेधछिद्राचे नोंदपत्रक)

पाया ठरवण्यापूर्वी जमिनीत छिद्र घेताना जे जे लागले, त्याची खोलीनुसार ठेवलेली नोंद. नागपूर शहराच्या पश्चिम भागात दक्खन ट्रॅपचा बेसाल्ट, उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म आणि पूर्वेला पट्टिताश्म आढळतो, त्यामुळे एकाच शहरातले दोन लॉग एकमेकांशी जुळतीलच असे नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः पश्चिमेकडील काळी माती, मुरूम आणि बेसाल्ट या क्रमापुरती आहे.

लॉगमध्ये डावीकडे खोली, मग थराचे वर्णन, नमुन्यांच्या जागा, ठोक्यांचे आकडे आणि पाण्याची पातळी असे स्तंभ असतात. वाचणाऱ्याची नजर सहसा थेट ठोक्यांवर जाते. आधी पाहायला हवा तो माथ्यावरचा मजकूर : तारीख, जमिनीची तलांक पातळी, छिद्र घेण्याची पद्धत आणि केसिंगची, म्हणजे छिद्र ढासळू नये म्हणून आत उतरवलेल्या नळीची, खोली. काळ्या मातीत तारखेवाचून घट्टपणाचा शब्द आणि पाण्याचा आकडा हे दोन्ही अपुरे ठरतात.

ठोक्यांची चाचणी व तिचा उगम. प्रमाणित अंतर्वेशन चाचणीत (एसपीटी) ६३.५ किलोचा घण ७५ सेमी उंचीवरून पाडून दुभंगी नळी (स्प्लिट स्पून) ४५ सेमी ठोकतात. पहिल्या १५ सेमीचे ठोके सोडून उरलेल्या ३० सेमीच्या ठोक्यांची बेरीज म्हणजे एन-मूल्य. भारतात ही कृती आयएस २१३१ या भारतीय मानकाप्रमाणे होते. चाचणीचा आरंभ बहुधा १९०२ च्या सुमारास बॉस्टनमधील चार्ल्स गो यांच्या नळीपासून धरला जातो. मात्र त्या वेळी घणाचे वजन आणि उंची आजच्यासारखी ठरलेली नव्हती. ‘प्रमाणित’ हे विशेषण १९४० च्या दशकात मृदायांत्रिकीचे प्रवर्तक कार्ल टर्झागी यांच्यामुळे रूढ झाले असे दिसते. म्हणून उगम आणि प्रमाणीकरण या दोन वेगळ्या घटना मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

चिकणमातीच्या घट्टपणाची आज वापरात असलेली कोष्टकेही टर्झागी आणि पेक यांच्या १९४८ च्या ग्रंथाकडे जातात. एन २ पेक्षा कमी असल्यास अतिमऊ, २ ते ४ मऊ, ४ ते ८ मध्यम, ८ ते १५ घट्ट, १५ ते ३० खूप घट्ट आणि ३० च्या वर कठीण. वाळूसाठी ‘विरळ’ ते ‘दाट’ अशी निराळी श्रेणी आहे, ती चिकणमातीला लावू नये. चिकणमातीसाठी हा संबंध ढोबळ आहे, हे त्या ग्रंथकारांनीच सांगितले होते. कोष्टकावरून थेट धारणक्षमता काढण्याचा प्रघात आहे खरा, पण नळीतून निघालेला नमुना हातात घेऊन तपासणारा पक्ष अधिक विश्वसनीय आहे. अंगठा जोर लावून जेमतेम रुततो ती माती घट्ट, फक्त नखाने ओरखडा उठतो ती खूप घट्ट. हाताचा शब्द आणि ठोक्यांचा शब्द जुळला नाही, तर त्याचे कारण लॉगमध्येच शोधावे.

नमुना लॉग. मेच्या मध्यात घेतलेल्या १० मीटरच्या छिद्राचे हे प्रातिनिधिक उदाहरण पाहू. ०.६ मीटरपर्यंत भराव, २.४ पर्यंत काळी चिकणमाती, ३.६ पर्यंत चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती, ६.३ पर्यंत मुरूम आणि खाली बेसाल्ट. १.५ मीटरवरचे ठोके ५, ६, ८. म्हणजे एन १४ आणि शब्द ‘घट्ट’.

हा शब्द मेपुरता खरा आहे. उन्हाळ्यात काळी माती आकसते, भेगा पडतात आणि कणांमधले उरलेसुरले पाणी कणांना घट्ट ओढून धरते. ठोके वाढतात ते या ओढीमुळे. सप्टेंबरात तीच माती पाणी पिऊन फुगली की अंगठा सहज आत जातो आणि शब्द ‘मध्यम’ किंवा ‘मऊ’ होतो. हे ओळखायचे तर त्या नमुन्यातील पाण्याचे प्रमाण आणि प्लॅस्टिक मर्यादा, म्हणजे ज्याच्या खाली माती वळता न येता चुरू लागते ते पाण्याचे प्रमाण, शेजारी ठेवावी. पाण्याचे प्रमाण मर्यादेच्या बरेच खाली असेल, तर घट्टपणा सुकण्यातून आलेला आहे आणि पावसाळ्यात तो टिकणार नाही.

३ मीटरवर ६, ९, १२ म्हणजे एन २१. येथे नळीच्या तोंडाशी चुनखडीचा खडा अडकला तर आकडा फुगतो, आणि नळीत माती कमी, चुरलेला पांढरा खडा जास्त निघतो. वर्णनात ‘खडे’ असतील आणि एन अचानक उडी घेत असेल, तर त्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नये.

४.५ मीटरवर १९, ३४ आणि मग ‘५०/८ सेमी’ अशी नोंद आहे. ५० ठोक्यांत नळी ८ सेमीच गेली, म्हणजे चाचणी तिथे थांबली. त्रैराशिक मांडून याचे १८७ करणे चूक. ‘मुरूम’ हा शब्दही एकट्याने पुरत नाही. आयएस १४९८ च्या माती-वर्गीकरणात तसा गटच नाही. ‘पूर्ण अपक्षय झालेला बेसाल्ट, नमुन्यात गाळयुक्त रेताड खडी’ असे लिहिलेले असेल, तर मूळ खडक आणि हाती आलेला पदार्थ दोन्ही कळतात. छिन्नीने फोडून धुऊन काढलेल्या मुरुमातली बारीक माती पाण्याबरोबर निघून जाते आणि तो आहे त्याहून स्वच्छ, खडीदार दिसतो.

बेसाल्टात कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल नमुना, घेताना परतीचे पाणी एकाएकी तांबडे झाले आणि त्याच टप्प्यात कोअर कमी निघाला, तर दोन लाव्हाप्रवाहांमधला तांबडा मातकट थर लागला असण्याची शक्यता मोठी. तो स्वतः धुऊन जातो, म्हणून पेटीत दिसत नाही. त्याचा पुरावा पाण्याच्या रंगाच्या नोंदीतच उरतो.

पाण्याच्या नोंदी. याच छिद्रात ५.८ मीटरवर पाणी लागले आणि २० मिनिटांत ५.१ वर चढले. ६.३ पासून कोअरसाठी बाहेरचे पाणी सोडले. संध्याकाळी पातळी २.३, सकाळी ४.२. काम संपल्यावर बेलरने, म्हणजे तळाशी झडप असलेल्या उपसण्याच्या नळीने, छिद्र उपसले आणि २४ तासांनी पातळी ४.९ मिळाली.

२.३ हा आकडा यंत्राने ओतलेल्या पाण्याचा आहे. ते रात्रभर मुरत होते म्हणून सकाळी ४.२ दिसले, तेही पुरते खाली गेलेले नव्हते. भूजलाची पातळी ४.९, आणि पाणी लागताच झालेली चढण तिला पुष्टी देते. पाणी लागलेल्या जागेपासून ०.९ मीटर चढले, याचा अर्थ वरच्या मातकट मुरुमाखाली ते काहीसे दाबाखाली होते. लॉगच्या शेवटी एकच पातळी छापलेली असेल आणि वेळ दिलेली नसेल, तर ती यांपैकी कोणती हे सांगता येत नाही. केसिंग ६ मीटरपर्यंत घट्ट बसवलेले असेल, तर वरच्या थरातले पाणी छिद्रात येतच नाही. चिकणमातीत पाणी इतके हळू झिरपते की ‘कोरडे’ ही पहिल्या दिवसाची नोंद काहीच सिद्ध करत नाही.

समजा, इथे ४ मीटर खोल तळघर व्हायचे आहे. मेच्या ४.९ वर विसंबल्यास तळाला खालून वर ढकलणारी पाण्याची उचल शून्य येते. शेजारच्या विहिरीत ऑगस्टअखेर पाणी जमिनीपासून १.५ मीटरवर येत असेल, तर तळाखाली २.५ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २.५ टन उचल. ४० सेमी जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन साधारण १ टन भरते. उरलेला दीड टन वरच्या मजल्यांनी पेलायचा असतो. ते मजले चढण्याआधीच पाऊस आला आणि उपसा बंद पडला, तर तळाला मधोमध तडा जाऊन खालून पाणी येते. म्हणून मेच्या लॉगवर पावसाळ्यातली पातळी वेगळी लिहून घ्यावी, शक्य तर छिद्रात सच्छिद्र नळी ठेवून नोव्हेंबरपर्यंत मोजावी.

पूर्वेकडील पट्टिताश्माच्या पट्ट्यात काळ्या मातीखाली बेसाल्टी मुरुमाऐवजी अभ्रकयुक्त रेताड अपक्षयित खडक मिळतो. तेथे वरील घट्टपणाचे शब्द फक्त वरच्या चिकण थरापुरते लागू पडतात.