केळीचं पाणी: ७९० लिटरचा माग

‘एक किलो केळी पिकवायला ७९० लिटर पाणी विहिरीतून उपसावं लागतं.’ समजा, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्याच्या भूजलावर कोणी टिपण लिहितंय आणि एका लेखात हे वाक्य त्याच्या हाती लागलं. आकडा नेमका आहे, विषय आपल्या भागाचा आहे, त्यामुळे तो तसाच उचलावासा वाटतो. उचलण्याआधी साधा गुणाकार करून पाहावा.

घड २२ किलोचा धरला तर एका झाडाला १७,३८० लिटर पाणी लागेल. नवतीची, म्हणजे नव्यानं लावलेली बाग अकरा महिन्यांची, म्हणजे सुमारे ३३० दिवसांची धरू. रोज प्रत्येक झाडाला जवळपास ५३ लिटर, तेही भर पावसाळ्यात. ठिबकवर बाग घेणारा कोणीही शेतकरी सांगेल की इतकं पाणी कोणी देत नाही. म्हणजे एकतर आकडा चुकलाय, किंवा तो दुसऱ्याच कशाचा तरी आहे.

आता मूळ शोधायचं. अशा लेखांत बहुधा दुसऱ्या लेखाचा दुवा असतो आणि त्या लेखात तिसऱ्याचा. प्रत्येक टप्प्यावर आकड्यासोबतचं एकक आणि विशेषण कागदावर उतरवत जावं, कारण आकडा सहसा तसाच राहतो, विशेषणं गळतात. दुवा मध्येच तुटला तर आकडा आणि एकक मिळून शोध घ्यावा. शास्त्रीय लेखात ‘किलोला लिटर’ नसून ‘टनाला घनमीटर’ असतं. दोन्हींची किंमत एकच, पण शोधपेटीत लिटर टाकलं तर मूळ लेख हाती लागत नाही.

```
banana "water footprint" 790 "m3/ton"
```

हा माग नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या मेसफिन मेकोनेन आणि आर्येन हूक्स्ट्रा यांच्या २०११ च्या शोधनिबंधापर्यंत जातो. Hydrology and Earth System Sciences या नियतकालिकातला हा निबंध फुकट वाचता येतो. सारांशावर थांबू नये, त्यात केळी सापडणार नाही. पिकांची तपशीलवार कोष्टकं याच लेखकांच्या २०१० च्या अहवालात आहेत. तिथे केळीच्या ओळीत तीन आकडे दिसतात: हिरवं पाणी ६६०, निळं ९७, करडं ३३. बेरीज ७९०. पिकामागे खर्ची पडणाऱ्या पाण्याच्या या एकूण हिशेबाला जलपदचिन्ह म्हणतात.

हिरवं म्हणजे पावसाचं, जमिनीत मुरून पिकानं वापरलेलं. निळं म्हणजे विहीर, नदी, धरणातून सिंचनासाठी घेऊन खर्ची पडलेलं. करडं पाणी तर शेतात जातच नाही. खतातलं जे नायट्रोजन झिरपून जातं, ते मान्य मर्यादेइतकं विरळ करायला जे पाणी लागेल त्याचा तो अंदाज आहे, आणि त्यासाठी दिलेल्या नायट्रोजनपैकी सरसकट १० टक्के झिरपतं असं गृहीत धरलंय. म्हणजे ७९० मधला उपशाचा वाटा ९७ लिटरचाच. बाकीचं सगळं एका बेरजेत मिसळलं आणि पुढे कोणीतरी त्याला ‘विहिरीतून’ हा शब्द जोडला.

इथे आणखी एक चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा जास्त फसवी असते. ७९० खोडून ९७ लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण ९७ ही १९९६ ते २००५ या काळातली जगाची सरासरी आहे. तिच्यात पावसावरच वाढणारी विषुववृत्ताजवळची केळीही मोजली आहेत. जळगाव जिल्ह्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, त्यामुळे इथल्या बागेचा भार सिंचनावर येतो. उदाहरणादाखल ठिबकनं सरासरी रोज १५ लिटर धरले, तर ३३० दिवसांत ४,९५० लिटर होतात. २२ किलोच्या घडाला भागलं की किलोला २२५ लिटर, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुपटीहून जास्त. घड १५ किलोचा निघाला तर तेच पाणी किलोला ३३० लिटरवर जातं. पाणी तेवढंच, भाजक बदलला. म्हणून उत्पादन न सांगता दिलेला किलोमागचा आकडा अर्धवट समजावा.

त्याच अहवालाच्या दुसऱ्या खंडात देशवार आणि प्रांतवार परिशिष्टं आहेत, ती जरूर पाहावीत. पण तेही त्याच दशकाचे, प्रतिमानातून काढलेले आकडे आहेत. त्यांवरून आजच्या ठिबकवरच्या, ऊतिसंवर्धित रोपांच्या बागेबद्दल बोलता येत नाही.

मग टिपणात वाक्य असं लिहावं: ‘मेकोनेन आणि हूक्स्ट्रा यांच्या मते १९९६–२००५ मध्ये केळीचं जागतिक सरासरी जलपदचिन्ह किलोला ७९० लिटर होतं, त्यापैकी सिंचनाचं पाणी ९७ लिटर.’ रावेरबद्दल काही म्हणायचं असेल तर ड्रिपरचा ताशी प्रवाह, झाडामागे ड्रिपर किती, रोजचे तास आणि घडांचं सरासरी वजन हे त्याच बागेतून घ्यावं. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग वेगळ्या मोजाव्यात, कारण पावसाळा दोन्हींच्या वाढीत वेगवेगळ्या टप्प्यावर येतो.