कोजागिरी गच्चीवर की अंगणात? बुकिंगआधी एवढं वाचा

मंडप, खुर्च्या, लाइट, माइक आणि मसाला दूध अशी सगळी ऑर्डर आम्ही घेतो. कोजागिरीसाठी फोन आला की आमचा पहिला प्रश्न असतो, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का? बऱ्याच इमारतींत ती शेवटच्या मजल्यावरच थांबते आणि पुढचा एक जिना चढावा लागतो. व्हीलचेअर वापरणाऱ्यांची आणि गुडघेदुखीवाल्या आजींची कोजागिरी तिथेच संपते. "चार पोरं उचलून नेतील" असं कोणी म्हणालं, तर आधी त्या आजींना विचारा. आमचं मत स्पष्ट आहे: अशा सोसायटीने कार्यक्रम खाली अंगणात घ्यावा. चंद्र तिथूनही दिसतो, फक्त झाडांची सावली पडत नाही ना, हे आदल्या रात्री बघून ठेवा.

अंगणातही स्टेज असतोच. चढावाचा हिशोब सोपा आहे: 1 फूट उंचीला 12 फूट लांबीचा रॅम्प. स्टेज 3 फुटांचा हवा असेल, तर रॅम्प 36 फुटांचा होईल आणि अर्धं अंगण त्यातच जाईल. म्हणून दीडशे माणसांसाठी आम्ही 1 फुटाचाच स्टेज सुचवतो. 4 फुटांची फळी टाकून भागवू नका. त्या चढावर खुर्ची मागे कलंडते. रॅम्प किमान 3 फूट रुंद हवा, दोन्ही कडांना चाक अडेल अशी पट्टी हवी, आणि त्यावर सुटा गालिचा नको.

समोर सतरंज्यांची बैठक असेल, तर तिच्या लगेच मागे खुर्च्यांची पहिली रांग लावतो. त्या रांगेतल्या खुर्च्या काढून व्हीलचेअरसाठी साधारण 3 बाय 4 फूट जागा सोडतो आणि शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची ठेवतो. व्हीलचेअर कडेला एकटी लावली की घरचे एकीकडे आणि ती व्यक्ती दुसरीकडे, असं होतं. ज्येष्ठांसाठी हात असलेल्या खुर्च्या हव्यात. त्या किती हव्यात, ते बुकिंगलाच सांगा.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्याबाबत आमची एकदा चांगलीच फजिती झाली होती. दुभाषी ठरवली, स्टेजच्या कोपऱ्यात उभी केली, आणि बरोबर बारा वाजता चंद्रदर्शनासाठी आमच्याच माणसाने सगळे दिवे घालवले! बाकीचे चंद्राकडे बघत होते, निवेदकाचं बोलणं चालूच होतं, आणि तीन कर्णबधिर सभासदांना समोर नुसता काळोख. तेव्हापासून दुभाष्यावरचा एक छोटा दिवा आम्ही वेगळ्या स्विचवर ठेवतो. तो समोरून, किंचित वरून पडतो. पाठीमागून उजेड आला की चेहरा काळवंडतो, आणि या भाषेत चेहऱ्यावरचे भावही अर्थ सांगतात. दुभाषी निवेदकाच्या शेजारीच उभी हवी आणि त्याच बाजूच्या पुढच्या जागा कर्णबधिर सभासदांसाठी राखून ठेवायला हव्यात.

कार्यक्रम तासाहून मोठा असेल, तर दोन दुभाषी घ्या. साधारण वीस मिनिटांनी ते आळीपाळीने काम करतात. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, ती म्हणजे हातांनी बोललेली मराठी नव्हे. त्यामुळे गाण्यांचे शब्द, नाटुकल्याची संहिता आणि सत्कारमूर्तींची नावं दोन दिवस आधी पाठवा. त्या सभासदांच्या ऐकू येणाऱ्या मुलीला "तूच सांग ना" म्हणू नका. तीही कोजागिरीलाच आलेली असते.

पाट्या थोड्याच पुरतात, पण वळणावळणावर हव्यात: रॅम्प, स्वच्छतागृह, दूध. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरं, सोबत बाण, आणि पाटीवर उजेड. शुभेच्छुकांचे फोटो वेगळ्या फ्लेक्सवर लावा.

आता दूध. दीडशे जणांना प्रत्येकी 150 मिली धरलं, तर आटवून तयार झालेलं दूध साडेबावीस लिटर लागतं. आम्ही ते या क्रमाने करतो: दूध आटलं की आधी बिनसाखरेचं वेगळं काढायचं, मग साखर घालायची, मग सुकामेव्याशिवायचं काढायचं, आणि सगळ्यात शेवटी उरलेल्यात बदाम-पिस्त्याचा मसाला. क्रम उलटला की मसाला गाळून काढता येत नाही, आणि सुकामेव्याची ॲलर्जी असलेल्याला त्याचा अंशही चालत नाही. प्रत्येक पातेल्याला स्वतःचा डाव आणि ठळक पाटी असते. दूध न चालणाऱ्यांना कोकम सरबत देतो. भेळेत शेंगदाणे आणि कांदा वरून, वेगळ्या वाट्यांतून. जैन कुटुंबं असतील तर बटाटाही मिसळत नाही. टेबल अडीच फुटांचं ठेवतो, म्हणजे बसल्या जागेवरून हात पोचतो.

बुकिंगच्या वेळी व्हीलचेअर किती, दुभाषी हवा का आणि बिनसाखरेचे पेले किती, एवढे तीन आकडे आणा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आठ दिवस आधी एक कागद लावलात, तर ते आपोआप मिळतात.