टेबल सपाट करणं वेगळं, टेबल वाक्यांत लिहिणं वेगळं

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यांसाठी बनवलेल्या फायली माझ्याकडे तपासायला येतात. त्यांत "टेबलाचं मजकुरात रूपांतर केलं आहे" अशी टीप दिसली की मी आधी एक उसासा टाकते. कारण दहापैकी आठ वेळा टेबलाच्या रेषा काढलेल्या असतात, चौकटींतला मजकूर एकाखाली एक किंवा स्वल्पविराम देऊन ओळीत मांडलेला असतो, आणि तेवढ्यावर काम झालं असं ठरलेलं असतं. याला मी टेबल सपाट करणं म्हणते. टेबल वाक्यांत लिहिणं हे दुसरंच काम आहे. दोन्हींतून शेवटी साधा मजकूर मिळतो, म्हणून गल्लत होते.

सपाट करणं कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. पीडीएफमधून टेबल कॉपी करून साध्या एडिटरमध्ये पेस्ट केलं की जे उरतं, ते. चौकटी डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. शब्द एकही गळत नाही आणि म्हणूनच करणाऱ्याला वाटतं की काही हरवलं नाही.

हरवतं ते असं. समजा ग्रहांचं एक टेबल आहे. रकाने सहा: गट, ग्रह, व्यास किलोमीटरमध्ये, मग "फेरीचा काळ" या एका मोठ्या शीर्षकाखाली दोन रकाने, "स्वतःभोवती" आणि "सूर्याभोवती", आणि शेवटी "कडी". म्हणजे शीर्षकांच्याच दोन ओळी. खाली चार ग्रह. "खडकाळ" ही चौकट बुध आणि शुक्र या दोघांना मिळून एकच, "महाकाय" ही गुरू आणि युरेनसला मिळून एकच. शुक्राच्या आणि युरेनसच्या एकेका आकड्यावर तारका, तिचा खुलासा टेबलाखाली. बुध आणि शुक्राच्या कड्यांच्या चौकटीत नुसती आडवी रेघ. डोळ्यांना यात काहीच अवघड नाही. आता हेच सपाट करून ऐका:

"गट, ग्रह, व्यास किलोमीटर, फेरीचा काळ, कडी, स्वतःभोवती, सूर्याभोवती, खडकाळ, बुध, 4,879, 58.6 दिवस, 88 दिवस, शुक्र, 12,104, 243 दिवस, 225 दिवस, महाकाय, गुरू…"

"कडी, स्वतःभोवती" हे जोडून ऐकू आलं ना? डोळ्यांनी पाहताना "स्वतःभोवती" हे "फेरीचा काळ"च्या पोटात आहे हे एका नजरेत कळतं. कानाला ते "कडी"नंतर येतं, आणि ग्रहाला स्वतःभोवती कडी असतात असा एक चुकीचा पण अगदी शक्य वाटणारा अर्थ तयार होतो. शीर्षकाच्या पहिल्या ओळीत चौकटी पाच, दुसरीत दोन, बुधाच्या ओळीत सहा, शुक्राच्या ओळीत पाच. कोणी बोटं मोजत ऐकायचं म्हटलं तरी हिशोब लागणार नाही. आडवी रेघ तर बहुतेक वेळा उच्चारलीच जात नाही, कारण कोणती विरामचिन्हं बोलून दाखवायची हे ऐकणाऱ्याने आपल्या सेटिंगमध्ये ठरवलेलं असतं. तारकेचंही तसंच.

सगळ्यात वाईट गत शुक्राची होते. शुक्राला स्वतःभोवती फिरायला 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवती 225. त्याची स्वतःभोवतीची फेरी त्याच्या वर्षापेक्षा लांब असते, आणि टेबलात नेमकी हीच बघण्यासारखी गोष्ट आहे. सपाट मजकुरात "243 दिवस, 225 दिवस" ऐकणाऱ्या शहाण्या माणसाला काय वाटेल? रकाने उलटसुलट झाले असावेत. तो मनातल्या मनात ते "दुरुस्त" करून पुढे जाईल.

खरा फरक इथे आहे, बाकीचे किरकोळ. टेबलात नाती जागेत साठवलेली असतात: हा आकडा कुणाचा आणि कशाचा, हे त्याच्या वरच्या आणि डावीकडच्या चौकटीवरून कळतं. मजकुरात जागा उरत नाही, त्यामुळे ते नातं शब्दांत सांगावं लागतं. सपाट करताना फक्त शब्द हलवले जातात, नाती मागे राहतात. वाक्यांत लिहिताना प्रत्येक आकड्यासोबत त्याची शीर्षकं, पोटशीर्षकासकट, उचलून आणावी लागतात.

तीच ओळ वाक्यांत अशी होते:

"शुक्र. खडकाळ ग्रह. व्यास 12,104 किलोमीटर. स्वतःभोवती एक फेरी पृथ्वीच्या 243 दिवसांत, तीही बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने. सूर्याभोवती एक फेरी पृथ्वीच्या 225 दिवसांत. कडी नाहीत."

आणि त्यानंतरची:

"गुरू. महाकाय ग्रह. व्यास 1,42,984 किलोमीटर. स्वतःभोवती एक फेरी 9.9 तासांत. सूर्याभोवती एक फेरी पृथ्वीच्या 11.9 वर्षांत. कडी आहेत."

टेबलात एकदाच आलेली "खडकाळ" ही चौकट आता प्रत्येक ग्रहाच्या ओळीत आली. "फेरी" हा शब्द दोन्ही आकड्यांजवळ गेला. तारकेचा खुलासा टेबलाखाली न ठेवता जिथे लागतो तिथेच बसला. रेघेचं "कडी नाहीत" झालं. या शेवटच्या गोष्टीसाठी मला टेबल बनवणाऱ्याला विचारावं लागलं, कारण रेघेचा अर्थ "नाहीत" असू शकतो, "माहीत नाही" असू शकतो आणि "लागू नाही"ही असू शकतो. टेबल बनवणारे ही रेघ फार उदारपणे वापरतात. वाक्य लिहायला बसलं की ती लपवाछपवी चालत नाही.

एककांचंही बघा. शुक्राचे आकडे दिवसांत, गुरूचे तासांत आणि वर्षांत. एकक शीर्षकात दिलेलं असो वा चौकटीत, वाक्यात ते आकड्याला चिकटूनच हवं. "व्यास किलोमीटरमध्ये" असं सुरुवातीला एकदा सांगून पुढे नुसते आकडे देणाऱ्यांनी थेट मधली ओळ गाठणाऱ्या ऐकणाऱ्याचा विचार केलेला नसतो.

आता माझा लाडका राग. काही लेखकांना एकसारखी वाक्यं लिहिणं कमीपणाचं वाटतं. मग पहिल्या ओळीत "बुधाचा व्यास 4,879 किलोमीटर असून", दुसरीत "त्याच्या शेजारचा शुक्र मात्र", तिसरीत "आकाराने राजा असलेला गुरू". निबंधात हे छान. इथे हा उपद्रव आहे. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती पहिली ओळ लक्ष देऊन ऐकते, साचा पकडते आणि पुढच्या ओळी वेग वाढवून ऐकते. तिसऱ्या तुकड्यात व्यास येणार हे तिला माहीत असतं. क्रम बदलला की साचा मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागतं. प्रत्येक ओळीत तोच क्रम, तीच शब्दरचना ठेवा. कंटाळवाणी होऊ द्या.

मराठीत आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो इंग्रजी मार्गदर्शिका वाचून इकडे आलेल्यांना दिसत नाही. विभक्ती लागली की नाव बदलतं. "शुक्राचा", "गुरूला" यांत निदान मूळ नाव ओळखू येतं. पण टेबल धातूंचं असेल तर "सोनं"चं "सोन्याचा" होतं, "तांबं"चं "तांब्याला" होतं, आणि पानावर "तांबं" शोधणाऱ्याला ती ओळ सापडतच नाही. म्हणून ओळीच्या सुरुवातीला नाव मूळ रूपात, एकटं, पूर्णविराम देऊन ठेवायचं. वर "शुक्र." असं तुटक लिहिलं ते यासाठीच. वाक्य व्याकरणाने पूर्ण नाही अशी तक्रार आली तर येऊ दे.

मांडणीचं थोडक्यात. प्रत्येक ओळ यादीतला एक स्वतंत्र घटक करावी आणि गटाचं नाव यादीच्या वर शीर्षक म्हणून द्यावं:

```html
<h3>खडकाळ ग्रह</h3>
<ul>
  <li>बुध. खडकाळ ग्रह. व्यास…</li>
  <li>शुक्र. खडकाळ ग्रह. व्यास…</li>
</ul>
```

असं केलं की एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये `H` दाबून गटागटाने आणि `I` दाबून ग्रहागणिक पुढे जाता येतं. गट शीर्षकात असूनही वाक्यात पुन्हा का? कारण शोध घेऊन थेट शुक्रावर उतरणाऱ्याने शीर्षक ऐकलेलंच नसतं. हीच सगळी वाक्यं चित्राच्या `alt` या पर्यायी मजकुरात कोंबायची पद्धत मात्र बंद करा. तिथे ना यादी राहते ना शीर्षक, सगळा मजकूर एका दमात अंगावर येतो.

सारांश ही तिसरीच गोष्ट. "महाकाय ग्रह स्वतःभोवती झपाट्याने फिरतात" हा सारांश झाला. तो आधी एका ओळीत द्यायला हरकत नाही, पण त्यात काय घ्यायचं हे लिहिणाऱ्याने निवडलेलं असतं. त्यातून शुक्राचा आकडा कुणालाही काढता येत नाही.

आणि प्रत्येक टेबलाची वाक्यं करत सुटू नका. एकच शीर्षक-ओळ असलेलं, चौकटी न जोडलेलं टेबल शीर्षकाच्या चौकटींना `th` आणि `scope` नीट लावून तसंच ठेवलेलं चांगलं. एनव्हीडीएत `Ctrl+Alt` आणि बाणाच्या कळांनी चौकटीचौकटीने फिरता येतं, आणि रकाना बदलला की त्याचं शीर्षकही ऐकू येतं. मुख्य म्हणजे एकाच रकान्यात सरळ खाली उतरून सगळे व्यास पाठोपाठ ऐकता येतात. ओळवार वाक्यांत ही सोय मरते; व्यासांची तुलना करायची तर प्रत्येक ग्रहाची पूर्ण कहाणी ऐकावी लागते. वाचणारा मुख्यतः तुलनेसाठीच येणार असेल तर वाक्यं ओळींची नव्हे, रकान्यांची करा: "व्यास. बुध 4,879 किलोमीटर, शुक्र 12,104 किलोमीटर…" दोनशे ओळींचं टेबल असेल तर वाक्यांचा नादच सोडा आणि मूळ टेबल फोडून जोडचौकटी काढता येतात का ते बघा. वाक्यांची खरी गरज लागते ती आपल्या ग्रहांसारख्या ठिकाणी: ओळी थोड्या, पण शीर्षकं दुमजली आणि चौकटी जोडलेल्या, शिवाय ती फाइल छापील पानावर, ऑडिओत किंवा कोड न टिकणाऱ्या कुठल्यातरी फॉर्ममध्ये जाणार असते.

काम बरोबर झालं का हे तपासायला मी मजकूर अशा कुणाला तरी देते ज्याने टेबल पाहिलेलं नाही, आणि कागदावर टेबल काढायला सांगते. वरच्यासारख्या चारही ग्रहांच्या वाक्यांवरून सहा रकान्यांचं आणि चार ओळींचं टेबल परत उभं राहिलं. फक्त तारका परत आली नाही. "उलट दिशेने" हे शब्द त्याने थेट चौकटीतच लिहिले होते.